तुकड्याचं शून्य

एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं दोन तासांचं भाषण घेऊ. विषय पाणलोट क्षेत्राचा, कॅमेरा एकच आणि तोही तिपाईवर स्थिर. कुणीतरी चिकाटीने बसून सगळ्या भाषणाला मराठी सबटायटल्स केलेली आहेत. आता त्यातला बंधाऱ्यांवरचा साधारण साडेसहा मिनिटांचा भाग वेगळा काढून लोकांना पाठवायचा आहे. व्हिडिओ कापला, जुनी सबटायटलची फाईल त्याला जोडली आणि चालवून पाहिलं, तर वक्ता बंधाऱ्याच्या पायाबद्दल बोलतोय आणि खाली ‘अध्यक्ष महोदय आणि उपस्थित रसिकहो’ उमटतंय. म्हणजे फाईल बिघडलेली नाही. तिला मूळ भाषणाच्या सुरुवातीपासून मोजायची सवय आहे आणि तुकडा ४१व्या मिनिटाला सुरू झालाय हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

सबटायटलची सर्वांत प्रचलित फाईल `.srt` नावाने संपते. ती साधी मजकुराची फाईल असते, नोटपॅडमध्येही उघडते. आपल्या भाषणाच्या फाईलमधल्या तीन नोंदी अशा आहेत:

```
511
00:41:09,800 --> 00:41:12,900
हे गणित कागदावर सोपं दिसतं.

512
00:41:13,600 --> 00:41:16,900
आता बंधाऱ्याकडे येऊ.

513
00:41:17,320 --> 00:41:20,100
पाणी अडवायचं, पण किती?
```

आधी क्रमांक, मग ओळ कधी दिसावी आणि कधी जावी ती वेळ, मग मजकूर, मग एक रिकामी ओळ. सेकंदांनंतर टिंबाऐवजी स्वल्पविराम आहे, कारण हा प्रकार ज्या सबरिप नावाच्या प्रोग्रॅममधून आला तो फ्रान्समध्ये लिहिला गेला आणि तिथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविरामच वापरतात. वेबसाठीच्या `.vtt` फाईलमध्ये मात्र टिंब लागतं. एकीची ओळ दुसरीत तशीच चिकटवली की पुष्कळ प्लेअर ती ओळ मुकाट्याने गाळतात.

इथे महत्त्वाची गोष्ट ही की प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे शून्यापासून मोजलेली आहे. ५१३वी ओळ ‘५१२ नंतर इतक्या सेकंदांनी’ असं म्हणत नाही. ती म्हणते, फाईल सुरू झाल्यापासून ४१ मिनिटं १७.३२ सेकंदांनी. त्यामुळे हिशोब एका वजाबाकीचा उरतो: तुकडा मूळ भाषणात जिथे सुरू होतो ती वेळ प्रत्येक नोंदीतून वजा करायची. ही वजाबाकी कोणीही करेल. गोम आहे ती ‘जिथे सुरू होतो’ या शब्दांत, कारण आपण सांगितलेली वेळ आणि व्हिडिओ खरोखर जिथे कापला गेला ती वेळ या दोन वेगळ्या असू शकतात.

कुठे कापायचं हे बहुतेक लोक चित्र बघून ठरवतात. माझं मत असं की सबटायटलची फाईल असेल तर ते तिच्यात बघून ठरवावं. समजा, आपण गोल आकडा धरून ४१:१५ ला कापलं. ५१२वी ओळ ४१:१३.६ ला सुरू होऊन ४१:१६.९ पर्यंत चालते, म्हणजे सुरी नेमकी तिच्या मधून गेली. वजाबाकी केल्यावर तिची सुरुवात येते उणे १.४ सेकंद. कुठलाही तुकडा उणे वेळेला सुरू होत नाही, म्हणून तिला शून्यावर आणावं लागतं. मग पडद्यावर पूर्ण वाक्य दिसतं आणि कानावर अर्धंच पडतं. उरलेला भाग फारच थोडा असेल तर ती ओळ नुसती चमकून जाते. नेटफ्लिक्सच्या सबटायटल-नियमांत एखाद्या ओळीने पडद्यावर किमान ५/६ सेकंद राहावं असं म्हटलं आहे आणि तो घरच्या कामालाही चांगला दंडक आहे. त्याहून कमी उरणारी ओळ सरळ काढून टाकावी.

पण त्याहून बरं म्हणजे ही वेळच येऊ न देणं. ५११वी ओळ ४१:१२.९ ला संपते, ५१२वी ४१:१३.६ ला सुरू होते. मधे ०.७ सेकंदांची फट आहे, तिथे वक्ता श्वास घेतोय. कापायचं ते तिथे, ४१:१३.२ ला. दुसऱ्या टोकालाही अशीच फट शोधली आणि ती ४७:४४.६ ला सापडली. म्हणजे तुकड्याची लांबी ६ मिनिटं ३१.४ सेकंद, एकूण ३९१.४ सेकंद. आता एकही ओळ अर्धवट उरत नाही.

वेळ वाचताना एक फसवी जागा असते. व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच जागा `00:41:13:05` अशी दिसते. शेवटचे ०५ हे सेकंदाचे शतांश नव्हेत, त्या फ्रेम आहेत. आपलं चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमचं आहे, म्हणजे पाच फ्रेम म्हणजे ०.२ सेकंद. हाच आकडा कुणी १३.०५ असा वाचला तर ०.१५ सेकंदांचा फरक पडतो, जो कदाचित लक्षातही येणार नाही. पण शेवटचा आकडा २४ असेल तर खरी वेळ ०.९६ सेकंद आणि वाचलेली ०.२४, म्हणजे पाऊण सेकंदाची तफावत. ती डोळ्यांना खुपते.

ओळी सरकवण्यासाठी सबटायटल एडिट हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्यात आधी तुकड्याच्या बाहेरच्या ओळी काढून टाकायच्या: पहिल्या ५११ आणि ४७:४४.६ नंतरच्या सगळ्या. मग `Synchronization` या मेनूतून `Adjust all times` उघडायचं, वेळ ४१ मिनिटं १३.२ सेकंद भरायची आणि ओळी तेवढ्या अलीकडे आणायच्या. हा क्रम उलटा करू नये. आधी सरकवलं तर वगळायच्या ५११ ओळी शून्याच्या मागे जातात आणि त्यांचं काय होईल हे प्रोग्रॅमवर अवलंबून राहतं. काही ठिकाणी त्या सगळ्या शून्यावर येऊन एकमेकींवर चढतात. नीट झालं तर फाईलची सुरुवात अशी दिसते:

```
1
00:00:00,400 --> 00:00:03,700
आता बंधाऱ्याकडे येऊ.

2
00:00:04,120 --> 00:00:06,900
पाणी अडवायचं, पण किती?
```

सबटायटलची बाजू झाली. आता व्हिडिओची, आणि खरा घोळ इथेच होतो.

व्हिडिओच्या फाईलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र म्हणून साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये प्रामुख्याने बदल तेवढे नोंदलेले असतात: वक्त्याचा हात हलला, ओठ हलले, मागची भिंत तशीच. त्यामुळे मधल्या एखाद्या फ्रेमपासून चित्र उभं करता येत नाही, आधीच्या की-फ्रेमपर्यंत मागे जावं लागतं. x२६४ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एन्कोडरची सेटिंग्ज तशीच ठेवली तर दोन की-फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० फ्रेमचं अंतर राहतं. दृश्य बदललं की तो लवकर नवी की-फ्रेम टाकतो. पण आपल्या भाषणात दृश्य बदलतच नाही, त्यामुळे २५०चा आकडा गाठला जातो आणि २५ फ्रेमच्या हिशोबाने दर दहा सेकंदांनी एक की-फ्रेम येते. स्थिर कॅमेऱ्याचं भाषण कापायला सोपं वाटतं, पण नेमक्या जागी कापायला तेच जास्त अवघड असतं.

आता `ffmpeg` ने घाईत कापताना लोक `-c copy` लिहितात. याचा अर्थ, चित्र पुन्हा तयार करू नकोस, आहे तसं उचल. काम काही सेकंदांत होतं आणि दर्जाही जात नाही. पण उचलायची सुरुवात की-फ्रेमपासूनच होऊ शकते, म्हणून आपण ४१:१३.२ सांगितलं तरी तो त्याआधीच्या की-फ्रेमवर जातो आणि मधला भागही ठेवतो. की-फ्रेम कुठे आहेत हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, विचारता येतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -skip_frame nokey \
  -read_intervals 00:41:00%00:41:19 \
  -show_entries frame=pts_time -of csv=p=0 vyakhyan.mp4
```

उत्तर सेकंदांत येतं:

```
2460.000000
2470.000000
```

२४७० सेकंद म्हणजे ४१:१०. म्हणजे तुकडा आपल्याला हव्या त्या जागेच्या ३.२ सेकंद आधीच सुरू झाला. सबटायटल्स आपण ४१:१३.२ धरून सरकवली होती, तेव्हा प्रत्येक ओळ बोलण्याच्या ३.२ सेकंद आधी उमटणार. वक्त्याने विचारण्याआधीच प्रेक्षकाने प्रश्न वाचलेला असेल.

एमपी४ फाईलमध्ये याला आणखी एक पदर आहे. जादाचा भाग फाईलमध्ये असला तरी ‘इथून दाखव’ अशी एक सूचना फाईलमध्ये लिहिता येते आणि `ffmpeg` ती लिहितो. जे प्लेअर ही सूचना पाळतात त्यांच्यावर सगळं जुळलेलं दिसतं. जे पाळत नाहीत त्यांच्यावर तीच फाईल पुढे-मागे होते. ‘माझ्याकडे तर बरोबर चालतंय’ या वादात बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. म्हणून तुकडा किमान दोन वेगवेगळ्या प्लेअरवर, त्यातला एक मोबाइलवरचा, चालवून बघावा.

सुटका दोन प्रकारे होते. एक म्हणजे की-फ्रेमला शरण जायचं: तुकडा ४१:१० ला सुरू झालाय ना, मग सबटायटल्समधूनही ४१:१०च वजा करायचे. आपल्या उदाहरणात हे तितकंसं चांगलं दिसत नाही, कारण ४१:१० ही जागा ५११व्या ओळीच्या पोटात पडते आणि तुकड्याची सुरुवात एका तुटक वाक्याने होते. दुसरा मार्ग म्हणजे चित्र नव्याने एन्कोड करायचं. मग `ffmpeg` की-फ्रेमपासून चित्र उलगडतो, ३.२ सेकंदांचा भाग टाकून देतो आणि सांगितलेल्या जागेपासून नवी फाईल लिहितो:

```
ffmpeg -ss 00:41:13.200 -i vyakhyan.mp4 -t 391.4 \
  -c:v libx264 -crf 18 -c:a aac tukda.mp4
```

वेळ जास्त लागतो, दर्जात अगदी किंचित घट होते, पण तुकड्याचं शून्य आपण म्हणतो तिथेच येतं. साडेसहा मिनिटांच्या तुकड्यासाठी मी नेहमी हेच करेन. दोन तासांच्या भाषणाचे दहा मोठे भाग करायचे असतील तर मात्र की-फ्रेम शोधून त्यांच्यावर कापणं परवडतं. या आज्ञेत `-t` म्हणजे लांबी दिली आहे. त्याऐवजी त्याच जागी `-to 00:47:44.600` लिहिलं तर फसगत होते. `-ss` आधी आल्यामुळे घड्याळ शून्यावर आलेलं असतं आणि साडेसहा मिनिटांऐवजी पावणेअठ्ठेचाळीस मिनिटांचा तुकडा हाती पडतो.

सगळं केल्यावर जुळलंय की नाही हे कसं ओळखायचं? बहुतेक जण पहिली ओळ बघतात आणि समाधान मानतात. पहिली ओळ पुरेशी नाही. तुकड्याच्या सुरुवातीची एक आणि शेवटाजवळची एक, अशा दोन ओळी घ्याव्यात, आणि त्या अशा निवडाव्यात की वाक्य एखाद्या ठसठशीत शब्दाने, शांततेनंतर सुरू होतंय. मग ओळ उमटण्यात आणि शब्द कानावर पडण्यात किती अंतर आहे ते दोन्हीकडे मोजावं. दोन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल, समजा ३.२ सेकंद, तर शून्य चुकलंय आणि एकदा सरकवलं की काम होतं. सुरुवातीला बरोबर आणि मधे कुठेतरी एकदम उडी असेल, तर मधला काही भाग कुणीतरी आधीच कापलेला आहे. आणि फरक हळूहळू वाढत जात असेल तर सबटायटल्स या व्हिडिओसाठी केलेलीच नाहीत, वेगळ्या गतीच्या प्रतीसाठी केलेली आहेत.

हा तिसरा प्रकार चित्रपटांच्या बाबतीत वारंवार भेटतो, आणि छोट्या तुकड्यात तो वेष पालटून येतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, पण अनेक डिजिटल प्रती २३.९७६ फ्रेमच्या असतात. दोन्हींतला फरक हजारात एक. सबटायटल्स २४च्या प्रतीसाठी केली आणि २३.९७६च्या प्रतीला लावली तर तासाभरात ३.६ सेकंदांची तफावत साचते. आता त्यातून ४१व्या मिनिटापासून साडेसहा मिनिटांचा तुकडा काढला तर सुरुवातीलाच जवळपास अडीच सेकंदांचा फरक दिसतो, आणि तुकड्याच्या शेवटापर्यंत त्यात जेमतेम ०.४ सेकंदांची भर पडते. बघणाऱ्याला वाटतं शून्यच चुकलंय. तो अडीच सेकंद सरकवतो आणि पुष्कळसं जुळतंही. एवढाच तुकडा हवा असेल तर त्याचं फारसं बिघडत नाही. पण तोच अडीच सेकंदांचा आकडा त्याने ९०व्या मिनिटाच्या दुसऱ्या तुकड्याला लावला की तिथे तो पुन्हा तीन सेकंदांनी चुकतो, कारण तिथे तफावत ५.४ सेकंदांवर पोहोचलेली असते.

अशा वेळी गणित दोन बिंदूंवरून करतात. समजा, मूळ सिनेमाच्या वेळेत एक ओळ फाईलमध्ये २४८० सेकंदांना आहे आणि ऐकू येते २४८२.४८ ला. दुसरी ओळ फाईलमध्ये २८६० ला आहे, ऐकू येते २८६२.८६ ला. फाईलच्या हिशोबाने दोघींत अंतर ३८० सेकंद, कानाच्या हिशोबाने ३८०.३८. भागाकार केला की १.००१ हा गुणक मिळतो. आधी सगळ्या वेळांना या गुणकाने गुणायचं आणि मग तुकड्याची सुरुवात वजा करायची. सबटायटल एडिटमधलं `Point sync` हेच काम दोन ओळी दाखवून करून देतं. जुन्या डीव्हीडीवर २५ फ्रेमने धावणारा सिनेमा असेल तर फरक चार टक्क्यांच्या घरात जातो. तो इतका मोठा असतो की साडेसहा मिनिटांत पंधरा-सोळा सेकंद निसटतात, त्यामुळे तिथे गैरसमजाला जागाच राहत नाही.

तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर वेगळी सबटायटल फाईल कामाची नाही, ओळी चित्रावरच उमटवाव्या लागतात. इथे वेगळाच खड्डा आहे. `-ss` हे `-i` च्या आधी लिहून मूळ भाषणाची सबटायटल फाईल `subtitles` या फिल्टरला दिली, तर फिल्टरपर्यंत पोहोचेतो घड्याळ शून्यावर आलेलं असतं आणि तुकड्यावर पुन्हा अध्यक्ष महोदयांचं स्वागत छापलं जातं, या वेळी न पुसता येण्याजोगं. एक तर फिल्टरला सरकवलेली फाईल द्यावी, नाहीतर `-ss` नंतर लिहावं:

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -ss 00:41:13.200 -t 391.4 \
  -vf subtitles=vyakhyan.srt tukda_olisah.mp4
```

असं लिहिल्यावर `ffmpeg` सुरुवातीपासूनची ४१ मिनिटं उलगडत येतो, म्हणून वेळ खातो. पण ओळी मूळ वेळेवरच चित्रात बसतात आणि काप त्यानंतर होतो. सबटायटल फाईलला हातही लावावा लागत नाही. देवनागरी ओळी छापताना फॉन्टमध्ये जोडाक्षरं नीट आहेत ना हे मात्र एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं.

आता दुसरी बाजू: तुकडा काढून ठेवायचा नाही, तर मधला भाग वगळून उरलेलं भाषण जोडायचं आहे. ५५:२० ते ५८:०५.४ या वेळात ध्वनिक्षेपक बंद पडला होता, आणि पुढे १:२०:१० ते १:२१:०० या वेळात कुणीतरी मंचावर चिठ्ठी आणून दिली. पहिल्या कापाआधीच्या ओळी जशाच्या तशा राहतात. त्यानंतरच्या २ मिनिटं ४५.४ सेकंदांनी अलीकडे येतात. दुसऱ्या कापानंतरच्या आणखी ५० सेकंदांनी, म्हणजे एकूण ३ मिनिटं ३५.४ सेकंदांनी. चूक होते ती पहिला काप झाल्यावर. ओळी सरकलेल्या असतात आणि आपण दुसऱ्या कापासाठी अजून जुन्या वेळा वापरत असतो. १:२०:१० ची जागा आता १:१७:२४.६ झालेली असते. यावर साधा उपाय म्हणजे शेवटून सुरुवात करायची. आधी १:२०:१० चा काप, मग ५५:२० चा. नंतरचं कापल्याने आधीच्या वेळा बदलत नाहीत, त्यामुळे कागदावर लिहिलेले मूळ आकडे शेवटपर्यंत खरे राहतात.

दोन-तीन कापांपर्यंत हे हाताने जमतं. पण हल्ली बोलण्यातली प्रत्येक शांतता आपोआप छाटणारी साधनं वापरतात, आणि अशा भाषणात शेकडो बारीक काप पडतात. त्यानंतर फाईल हाताने सरकवणं विसरावं. अशा कामात सबटायटल्स कापण्याआधीच एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आणावीत. प्रीमिअर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्हमध्ये ती टाइमलाइनवर चित्र आणि आवाजाच्या जोडीला स्वतंत्र ट्रॅक म्हणून बसतात. भाग काढून मागचं पुढे ओढलं की तो ट्रॅकही सोबत सरकतो, फक्त त्याला कुलूप लावलेलं नसावं. काम संपल्यावर तिथूनच नवी `.srt` बाहेर काढायची. शांतता छाटताना ज्या ओळींच्या शेपटीवरून सुरी गेली असेल त्या बऱ्याच आखूड झालेल्या असतात, म्हणून ती फाईल सबटायटल एडिटमध्ये उघडून कालावधीनुसार लावून बघावी आणि ५/६ सेकंदांखालच्या ओळी एकेक करून शेजारच्या ओळीला जोडाव्यात.